धूर, पंखा आणि बंद दार

माझ्या हातात पत्रक असायचेच, याची लोकांना इतकी सवय झाली होती की मी रिकाम्या हाताने खानावळीत शिरलो तर कोणीतरी हमखास विचारी, "आज कशाच्या विरुद्ध न्हाय काय?" मी वाचायला शिकलो तोच पत्रकांवर. दारूबंदी, स्वदेशी, बायकांचे शिक्षण, गिरणीतले कामाचे तास, गल्लीतली गटारे. पिवळ्या-गुलाबी पातळ कागदावर छापलेले सगळे जग मी घरी आणीत असे. त्यामुळे माझा स्वभावही तसाच बनला. प्रत्येक दुःखामागे एक शत्रू असतो, तो शोधायचा आणि मोठ्या अक्षरांत छापायचा, एवढे मला ठाऊक. अव्वाच्या स्वयंपाकघरातला धूर हा मात्र असा शत्रू निघाला की त्याच्यावर पत्रकाची मात्रा चालेना.

अव्वा म्हणजे आमच्या खानावळीची मालकीण. सोलापुरात गिरण्यांच्या वस्तीला लागून एका गल्लीत तिची दोन खोल्यांची खानावळ होती. बाहेरची लांब खोली जेवणाची, तिच्या पूर्वेला आतली स्वयंपाकाची. वर माडी, तिथे मालकाचे भाडेकरू. अव्वा मूळची अक्कलकोटच्या पलीकडची, लिंगायत, तरुणपणी विधवा झालेली. स्वतःशी ती कानडीत बोले, आमच्याशी मराठीत, आणि रागावली की दोन्ही भाषा एकदम वापरी. तिच्याकडे गिरणीतले जॉबर म्हणजे मुकादम जेवत, कारकून जेवत, एक शाळामास्तर जेवत आणि मी जेवत असे. जातवार पंगत तिने कधी मांडली नाही. एकदा एका नव्या कारकुनाने शेजारच्या पाटावर कोण बसतो याची हळूच चौकशी केली, तेव्हा ती भाकरीची टोपली घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भाकरी वाढू, का ताट उचलू?" त्याने भाकरी घेतली. त्या एका वाक्यासाठी मी तिला मनातल्या मनात नेहमी नमस्कार करी.

पण एक गोष्ट ती कटाक्षाने पाळी. स्वयंपाक चालू असताना आतल्या खोलीचे दार बंद. खिडकीही बंद. सगळे रांधून झाले, लिंगाला नैवेद्य दाखवला, गल्लीतल्या जंगमस्वामींसाठी वाटीभर बाजूला काढून ठेवले, की मगच दार उघडे. तोवर त्या अन्नावर बाहेरच्या कोणाची नजर पडलेली तिला चालत नसे. आम्ही बाहेर पाटांवर बसून दाराकडे पाहत असू आणि आतून भांड्यांचा आवाज आणि खोकला ऐकू येत असे.

खोकल्याचे काही वाटायचे नाही, इतका तो रोजचा. पण त्या वर्षी तिचे डोळे बिघडले. पापण्या सुजलेल्या, कडा लाल, सकाळी उठल्यावर ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय उघडत नसत. भाकरी करपली हे तिला वासावरून कळू लागले. मी आणि मास्तर तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्याने डोळ्यांत औषध घातले आणि स्पष्टच सांगितले की धूर असाच चालू राहिला तर औषधाचा उपयोग नाही. एक तर धूर घराबाहेर गेला पाहिजे, नाहीतर बाईंनी चूल सोडली पाहिजे. नाहीतर दृष्टी जाईल.

टांग्यातून परत येताना मी अव्वाला गावाकडच्या भावाकडे जायचे सुचवले. मला ती तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणे. ती म्हणाली, "भावाकडं जाऊ म्हणतोस? जाईन की. दोन घास घालंल त्यो. पण तम्मा, मी आयुष्यभर वाढलंय. दुसऱ्याच्या चुलीपुढं ताट घिऊन कशी बसू?"

तिच्यापुढे एवढाच प्रश्न होता, आणि आमच्यापुढेही.

धूर घालवायचा म्हटल्यावर पहिल्यांदा आला तो मिस्त्री. गल्लीतल्या अर्ध्या भिंती त्याच्या हातच्या होत्या. वय झालेले, आवाज खणखणीत, आणि स्वतःच्या कामाविषयी शंका नावाची गोष्ट त्याला माहीत नव्हती. अव्वा त्याला चाचा म्हणे. त्याने तीन चुलींकडे पाहिले, वर पाहिले आणि निकाल दिला.

"चिमनी. हौर क्या? चूल के ऊपर एक टोप बांदता, उसमें से नळ ऊपर. धुआँ अपने आप जाता. ना तेल, ना बिजली, ना किसी का मिन्नत."

त्याचे म्हणणे बरोबर होते. चुलीवरच टोप असला की धूर खोलीत पसरायच्या आतच उचलला जातो, आणि नळ तापला की तो आपल्या आपण ओढ घेतो. पण नळ छपराच्या वर चांगला हातभर तरी गेला पाहिजे. आमच्या डोक्यावर माडी होती. मालकाला बोलावले. तो सुपारी कातरत आला.

"माझ्या माडीतनं चिमणी नेणार? मग तिथल्या भाडेकरूला काय चिमणीत निजवू?"

"मग भिंतीतनं बाहेर काढून वर चढवू," मी म्हणालो.

मिस्त्रीने मान हलवली. नळ भिंतीबाहेर आडवा काढला की त्याची ओढ कमी होते. आणि तो माडीच्या कठड्याच्या खालीच संपला तर पश्चिमेचा वारा त्याला तोंडावर मारून सगळा धूर परत खाली ढकलेल. कठड्याच्या वर न्यायचा तर नळ माडीच्या खिडकीसमोरून जाणार, आणि ते मालकाला मान्य नव्हते. "गल्लीकडं भिंतीला भोक पाडा, मी काय म्हणत न्हाय," तो म्हणाला, "पण भिंत फुटली तर तुमी भरून द्यायची."

मला मनातून आनंदच झाला. कारण माझ्या डोक्यात तोवर विजेचा पंखा फिरू लागला होता. गिरणीत तसे पंखे मी पाहिले होते, भिंतीत बसवलेले, आतली कोंदट हवा बाहेर फेकणारे. कापसाच्या धाग्यासाठी पंखा, आणि रांधणाऱ्या बाईच्या डोळ्यांसाठी काही नाही! यावर मी खानावळीत इतके तावातावाने बोललो की मास्तर म्हणाले, "अहो, आमटी निवतेय. पंखा तिकडं लावायचाय, ताटावर नको."

खानावळीत जेवणारा एक जण गिरणीच्या वीजखात्यात वायरमन होता. पद्मशाली घरातला, घरी तेलुगू बोलणारा, केसांना नेहमी तेल आणि खिशात नेहमी पेचकस. अव्वा त्याला अण्णा म्हणे. त्याला माझे भाषण आवडले असावे, किंवा भाषण थांबावे म्हणून असेल, पण तो म्हणाला, "पंखा बसवतो मी. दिव्यांची लाइन आहेच हितं. गिरणीत अठरा इंची जुना पंखा काढून टाकलाय, त्यो आणतो. एकदा चालू केला की अव्वाची भाकरी बी उडून जाईल."

"मग मी भाकरी कुटं हुडकू? गल्लीत?" अव्वा म्हणाली.

मास्तरांनी त्याला हिशेब करायला लावला. आतली खोली बारा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच. म्हणजे बाराशे घनफूट हवा. साध्या खोलीतली हवा तासातून थोड्या वेळा बदलली तरी चालते, पण जिथे तीन चुली लाकडांवर पेटतात तिथे ती दर दोन मिनिटांनी बदलली पाहिजे. म्हणजे मिनिटाला सहाशे घनफूट. नऊ इंची पंखा तेवढे ओढू शकत नाही. बारा इंची ओढतो, आणि जाळीचा, बाहेरच्या झाकणाच्या पत्र्याच्या पाकळ्यांचा अडथळा धरूनही थोडे हाती उरते. अठरा इंची ओढील त्याहून कितीतरी जास्त. पण तो चुलीतल्या जाळालाच हलवील, राख उडवील, आणि त्याचा आवाज माडीवर जाऊन मालक खाली येईल. शेवटी नव्या पेठेतल्या दुकानातून बारा इंची नवा पंखा आणायचे ठरले. जेवणाऱ्या सगळ्यांनी वर्गणी काढली. तो नव्या कारकुनाच्या खांद्यावर आला, हे मला आठवते.

मिस्त्रीचा चिमणीचा हट्ट मात्र सुटला नव्हता. "दोनों लगाव," तो म्हणाला. "छोटी चिमनी बी, पंखा बी."

"नको चाचा," वायरमन म्हणाला. "पंखा खोलीतली हवा वढणार. खोलीला हवा लागणार. मग त्यो चिमणीतनंच वरची हवा खाली वढील आणि धूर उलटा चुलीवर पडंल. एका म्यानात दोन वढणारे नकोत."

मिस्त्री म्हणाला, "ये बात तेरे कू किसने सिखाई?"

"गिरणीत बॉयलरवाल्यानं. त्याची दाढी जळाली होती."

आता पंखा कुठे बसवायचा? खिडकी तयारच होती, चुलींच्या डाव्या बाजूच्या भिंतीत, बोळाकडे. तिच्या वरच्या भागात बसवला तर भिंत फोडायला नको, असे मला वाटले. पण तीच एक खिडकी म्हणजे अव्वाचा सगळा उजेड. शिवाय तिची चौकट जुनी, पातळ. पंख्याने ती वाजत राहिली असती. आणि खिडकीचे खालचे दार कधी उघडे राहिले तर पंखा त्या उघड्या भागातूनच हवा घेऊन वरून बाहेर फेकत बसणार, चुलीवरचा धूर जागच्या जागी. म्हणून पूर्वेची, चुलींच्या मागची भिंत ठरली. पश्चिमेला जेवणाची खोली. आणि सोलापुरात वर्षाचा मोठा भाग वारे पश्चिमेचे. पंख्याचे तोंड वाऱ्याकडे असते तर वारा पाकळ्या आत दाबत राहिला असता. पूर्वेची गल्ली आडोशाला होती.

अव्वाला त्या भोकाची काळजी होती. "भोक पाडलं की चिमण्या येणार, उंदीर येणार. आणि गल्लीतनं कुणी शिडी लावून आत बगितलं तर?"

वायरमनने तिला पाकळ्यांचे झाकण हातात दिले. पत्र्याच्या आडव्या पट्ट्या, प्रत्येक वरच्या कडेला खिळीवर टांगलेली. तिने फुंकर मारली तशा त्या वर उचलल्या गेल्या, फुंकर थांबताच टपटप मिटल्या. "पंखा फिरला की हवेनं उघडणार, थांबला की आपल्या वजनानं मिटणार. चिमणीला बी वाट न्हाय, नजरेला बी न्हाय."

अव्वाने पुन्हा दोनदा फुंकर मारली. लहान मुलीसारखी हसली आणि म्हणाली, "बरं हाय की."

भिंत दीड विटेची होती. मी समजत होतो की भोक पाडायचे म्हणजे पहार घेऊन मारायला लागायचे. मिस्त्रीने पहार बाजूला ठेवून आधी भोकाच्या जागेच्या वरच्या विटांचा एकच थर काढला, तिथे दगडी पट्टी दोन्ही बाजूंनी विटांत चांगली आत सारून बसवली आणि चुन्याने घट्ट केली. "पहले सर कू आसरा, फिर पेट फाडना," तो म्हणाला. पट्टी पक्की झाल्यावर त्याने तिच्या खालचे चौकोनी भोक छिन्नीने एकेक वीट सुटी करत कोरले. मालक दोनदा येऊन कान लावून गेला. भिंत फुटली नाही.

त्या चौकोनात सागवानी चौकट बसवली. चौकटीला मागे लोखंडी पकडी होत्या. त्या विटांच्या सांध्यांत सिमेंटमध्ये गाडल्या. चौकटीवर जाड फळी आणि फळीत गोल भोक, पात्यांपेक्षा अगदी थोडे मोठे. मी विचारले, एवढी काटेकोर गोलाई कशाला, चौकोनच ठेवला असता तर? वायरमन म्हणाला की पात्यांच्या कडेने मोकळी जागा राहिली तर बाहेर फेकलेली हवा तिथूनच परत आत येते. पंखा फिरतो, काम होत नाही. पंख्याच्या पायांखाली त्याने जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे थरथर भिंतीत जाणार नाही. बाहेरच्या बाजूला पाकळ्यांचे झाकण अगदी ओळंब्यात बसवले. ते थोडे जरी कलले तर पट्ट्या अडकतात. भोकाच्या तळाला मिस्त्रीने गल्लीकडे किंचित उतार दिला, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून. सिमेंट चांगले वाळेपर्यंत पंखा लावू दिला नाही. मी घाई करीत होतो. दोघांनीही मला हाकलून दिले.

पहिल्यांदा पंखा चालू केला तो दुपारी, जेवणे झाल्यावर. दार उघडे, सगळे जण आत. अव्वाने एका चुलीत ओल्या गोवऱ्या घालून मुद्दाम धूर केला. वायरमनने कळ दाबली. घरघर झाली, बाहेर पाकळ्या खडखडत वर उचलल्या, आणि त्या धुराने, ज्याने इतकी वर्षे त्या खोलीत भाडे न देता मुक्काम ठोकला होता, मान वळवली. अक्षरशः मान वळवली. तो सरळ वर जाता जाता वाकला, भिंतीकडे गेला आणि बाहेर पडला. मास्तरांनी टाळी वाजवली. मी म्हणालो, हा विज्ञानाचा विजय आहे. मिस्त्री म्हणाला, "भोक मैने पाडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. आत स्वयंपाक चालू होता, दार बंद, पंख्याची घरघर ऐकू येत होती. आणि खोकला. नेहमीसारखाच, किंबहुना थोडा जास्त. दार उघडले तेव्हा धूर तिच्यापाठोपाठ बाहेर आला. तिचे डोळे पाण्याने भरले होते. "पंखा हाय की," ती म्हणाली, "पण धूर बी हाय."

त्या दिवशी आणि त्यानंतरही तेच. वायरमनने पाती पाहिली, उलट फिरत नव्हती. कागदाचा तुकडा धरला तर पंख्याकडेच ओढला जात होता. त्याने निष्कर्ष काढला की अठरा इंचीच आणायला हवा होता. मिस्त्रीने निष्कर्ष काढला की चिमणीच हवी होती. मास्तरांनी हिशेब पुन्हा केला आणि तो पुन्हा तेवढाच आला. आणि अव्वाने एक दिवस तिचे पातळ, तिची आरशी, तिची विभूतीची डबी एका गाठोड्यात बांधली. "भावाला सांगावा धाडलाय," ती म्हणाली. "तुमी लई केलंसा. राग धरू नगा."

ती दार लावून पुन्हा रांधायला बसली. त्या गाठोड्याकडे पाहवेना म्हणून मी बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिलो. वर पंख्याच्या पाकळ्या दिसत होत्या. त्या पुरत्या उघडल्याच नव्हत्या; धाप लागलेल्या माणसाच्या पापण्यांसारख्या अर्धवट थरथरत होत्या. जेवणाच्या खोलीत कोणीतरी पाणी मागितले असावे; तांब्या बाहेर द्यायला अव्वाने तेवढ्यापुरते दार उघडल्याचा आवाज आला. त्याच क्षणी सगळ्या पट्ट्या एकदम सपाट वर गेल्या. दार लागल्याचा आवाज आला आणि त्या पुन्हा खाली लोंबल्या.

मी धावत आत गेलो. वायरमन जेवायला आला होता, त्याला ओढत गल्लीत आणले. मास्तरांना म्हणालो, दार उघडा, लावा, पुन्हा उघडा. अव्वा ओरडली, "काय पोरखेळ लावलाय?" पण तीन वेळा तेच झाले. वायरमनने कपाळावर हात मारला.

"हवा बाहेर टाकायची म्हणजे तेवढी आत यायला नको का? दार बंद, खिडकी बंद. बिचारा पंखा काय फटीतनं घोट घेणार?" मग स्वतःशीच म्हणाला, "गिरणीत दारं कायम उघडी. माझ्या डोक्यातच आलं न्हाय."

शत्रू सापडला होता, आणि माझ्यासारख्याला तो अगदी सोयीचा होता: बंद दार. एक रूढी. नैवेद्य होईपर्यंत अन्नावर नजर पडू न देण्यासाठी एका बाईचे डोळे जात होते! पत्रकाचे शीर्षक तर मला तिथल्या तिथे सुचले. स्वयंपाक झाल्यावर मी आत जाऊन बसलो.

"अव्वा, दार उघडं ठेव. एवढंच कर. तुझे डोळे वाचतील."

"मग नैवेद्य कसला?"

"अन्नाला नजर लागत नाही."

"लागती म्हणलं का मी?" तिने पदराने डोळे टिपले. "तू कागद लिवतोस, त्यो पुरा व्हायच्या आदी कुणाला दावतोस काय?"

"नाही."

"का?"

"पुरा झालेला नसतो म्हणून."

"मग?"

मला उत्तर सुचले. मी म्हणालो, "पण कागदापायी माझे डोळे जाणार असतील तर मी दाखवीन."

"तू दावशील. तुझं तुला. माझं लिंग हाय, मी रोज त्याला म्हणते की पयलं तुझं, मग समद्यांचं. मी आजवर कुणाला पंगतीतनं उठवलं न्हाय. तू बगतोस की. माझ्याकडं एवढंच एक दार हाय, तम्मा. तेवढं माझं ऱ्हाऊ दे."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरे वाटले असते, मी वाद घातला असता. मला ती रूढी पटली नाही. आजही पटत नाही, आणि अन्न कोणी पाहावे यावरून माणसांत भिंती उभ्या करणाऱ्यांविरुद्ध मी लिहिले आहे, पुढेही लिहीन. पण त्या दुपारी मला एवढे कळले की मी तिच्याकडे डोळ्यांच्या मोबदल्यात काहीतरी मागत होतो, आणि पंख्याला ते नको होते. पंख्याला फक्त हवा हवी होती. ती दारातूनच आली पाहिजे असे त्याने कुठे म्हटले होते?

मी पत्रक तसेच सोडून मिस्त्रीकडे गेलो. त्याला सांगितले: हवा यावी, नजर येऊ नये. जेवणाच्या खोलीच्या भिंतीतून, खाली जमिनीलगत, पंख्याच्या अगदी समोरच्या बाजूने. म्हणजे थंड हवा खालून येईल, खोली ओलांडून चुलींवरून जाईल आणि धूर घेऊन वरून निघून जाईल.

त्याने दाढी खाजवली. "जाळी लगाता मैं. मगर जाळी में से तो दिखता. तुम लोगां नीचेच बैठते, पाट पर."

"पंख्याच्या पाकळ्यांसारखी लावता येईल का? तिरपी? पण घट्ट बसवलेली?"

त्याने हाताचा पंजा तिरपा धरून पाहिला. मग हसला. "फत्तर की पाकळी! अच्छा."

त्याने दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर वर, एकेक आडवे भोक कोरले; प्रत्येकाच्या डोक्यावर आधी दगडी पट्टी, पूर्वीसारखीच. त्यात त्याने शहाबादी फरशीच्या अरुंद पट्ट्या तिरप्या बसवल्या: जेवणाच्या बाजूची कड खाली, आतली कड वर, आणि प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर थोडी चढलेली. पट्ट्या जागा खातात म्हणून भोके बरीच रुंद ठेवली. वायरमनने मोजून सांगितले की दोन्ही मिळून मोकळी जागा पंख्याच्या भोकापेक्षा मोठीच असली पाहिजे, कमी नको. आणि भोके चुलींच्या सरळ रेषेत नको, नाहीतर वारा थेट जाळावर लागेल.

अव्वा गाठोड्यावर बसून हे सगळे बघत होती. काम झाल्यावर ती उठली आणि दाराबाहेर येऊन पाटावर बसली. जाळीकडे पाहिले. मान वाकवून पाहिले. तिला फक्त काळी फरशी दिसली. तरी तिचे समाधान झाले नाही.

"मी बसले म्हणून दिसंना. कुणी निजून बगितलं तर?"

"कोण निजून बघणार अव्वा?" मास्तर म्हणाले.

"तू नीज," ती मला म्हणाली. "तूच लई बगणारा हायेस. तुला दिसलं न्हाय तर कुणालाच दिसणार न्हाय."

सगळे हसले. नवा कारकून तर पाट वाजवायला लागला. मी, ज्याने त्याच आठवड्यात रूढींविरुद्ध दोन भाषणे केली होती, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पालथा झोपलो आणि गाल जमिनीला टेकवून जाळीला डोळा लावला. अव्वा आत गेली, दार लावले, खिडकी लावली, चूल पेटवली. पंखा चालू झाला. माझ्या केसांवरून, कानांवरून वारा सरकला, बाहेरचा, थंड, आणि आत शिरला. गल्लीतून वायरमनची आरोळी आली, "उघडल्या! समद्या पाकळ्या सपाट!"

"तम्मा," आतून अव्वाचा आवाज आला, "काय दिसतंय?"

मी खरेच डोळे ताणले. तिरप्या फरशांच्या मधून वर छताची एक तुळई दिसत होती. धुराने इतकी वर्षे काळी झालेली. ती मला अगदी स्पष्ट दिसत होती, कारण तिच्या आणि माझ्या डोळ्याच्या मध्ये धूर नव्हता.

"तुळई."

"चूल?"

"न्हाय."

"पातेलं?"

"काहीच न्हाय, अव्वा. नुसतं छत."

आतून पंख्याची घरघर तेवढी येत होती. खोकला नव्हता. मग भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला, एकसारखा, सावकाश. नैवेद्य व्हायला वेळ होता. मास्तरांनी मला उठायला हात दिला. दार उघडले तेव्हा अव्वाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले, पापण्या न चोळता.

"भावाचा माणूस आला तर त्याला जेवायला बसवा," ती मास्तरांना म्हणाली, "आणि सांगा, अव्वाला येळ न्हाय." मग माझ्या अंगावरची सारवणाची धूळ पाहून तिने कानडीत काहीतरी म्हटले आणि सगळ्यांत आधी माझे ताट वाढले.